उलटी दिसली म्हणजे बुलिमियाच असं नाही

प्रश्न: मुलगी १६ वर्षांची, अकरावीला आहे. सात-आठ महिन्यांपासून जेवण खूप कमी केलंय, बारीक झालीय. पण गेल्या महिन्यापासून तिच्या कपाटात फरसाणाचे, बिस्किटांचे रिकामे पुडे सापडतात आणि जेवलं की लगेच बाथरूममध्ये जाते. विचारलं तर म्हणते, ॲसिडिटी आहे. नेटवर वाचलं तर ॲनोरेक्सिया, बुलिमिया, बिंज ईटिंग, तिन्ही जुळतात. नेमकं काय आहे? डॉक्टर कसं ओळखतात? आम्ही नागपूरला राहतो.

ताई, आधी तिची जुनी वजनं शोधा. शाळेचं हेल्थ कार्ड, लहानपणीच्या डॉक्टरांची फाईल, क्रीडा शिबिराचा फॉर्म, जे मिळेल ते. मी सांगणार आहे त्यातलं बरंचसं त्या आकड्यांवर उभं आहे.

लक्षणांच्या याद्या वाचून हे कोडं सुटत नाही, कारण ॲनोरेक्सियातलं उपाशी राहणं, बिंज ईटिंगमधलं भरमसाट खाणं आणि बुलिमियातलं खाऊन बाहेर काढणं या गोष्टी तिन्ही आजारांत कमी-जास्त प्रमाणात मिसळलेल्या असतात. आम्ही त्या एका ठराविक क्रमाने तपासतो. पहिला प्रश्न, शरीर उपासमारीत आहे का. दुसरा, ताबा सुटून खाणं खरोखर होतंय का. तिसरा, त्यानंतर ती काय करते. हा क्रम उलटा केला, म्हणजे उलटीपासून सुरुवात केली, तर चूक होते. ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून ठामपणे लिहिते आहे.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, नागपुरातच किशोरवयीन मुलांसोबत बरीच वर्षं काम करते. सुरुवातीच्या काळात एक मुलगी आली होती, उलट्या काढणारी. सैल कुर्ता, ओढणी, चेहरा भरलेला. मी बुलिमिया लिहिलं, बोलून उपचार सुरू केले. वजन "साधारण किती?" असं तोंडी विचारलं आणि तिने सांगितलेलं कागदावर उतरवलं. तीन आठवड्यांनी ती शिकवणीच्या जिन्यात चक्कर येऊन पडली तेव्हा काट्यावरचा खरा आकडा कळला. गाल भरलेले दिसत होते ते उलट्यांमुळे सुजलेल्या लाळग्रंथींनी. तेव्हापासून माझ्या खोलीत काटा दाराशी आहे, खुर्ची नंतर.

आता तुमच्या मुलीसारखीच दुसरी एक केस नीट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मुलगी सोळा वर्षांची, नीटची तयारी करणारी. मे महिन्यात आली. बाहेर पंचेचाळीस अंश आणि अंगात पूर्ण बाह्यांचं स्वेटशर्ट. आई म्हणाली, "कूलर लावू देत नाही, थंडी वाजते म्हणते. थायरॉइड असेल का?" मी तिचा हात हातात घेतला तर बोटं गार आणि जांभळट. नागपूरच्या उन्हाळ्यात थंडी वाजणारं पोर दिसलं की मी आधी खाण्याचं विचारते, कारण शरीराकडे जळायला इंधन नसलं की ते आधी उष्णता वाचवतं.

उंची १५८ सेंटीमीटर. दहावीच्या सुरुवातीला शाळेच्या कार्डावर ५३ किलो होतं, माझ्याकडे ४१ भरलं. वजन आम्ही सकाळी, लघवी करून आल्यावर, हलक्या कपड्यांत आणि काट्याकडे पाठ करून घेतो. तसं नाही घेतलं तर मुली आधी लिटरभर पाणी पिऊन येतात, खिशात नाणी ठेवतात. हे मी दोष म्हणून सांगत नाहीये. त्या भीतीने तसं करतात आणि पकडलं गेल्यावर रडतात.

१२ किलो म्हणजे तिच्या वजनाचा जवळपास २३ टक्के भाग गेला होता. पण एकट्या आकड्यापेक्षा मी तिची स्वतःची वाढीची रेषा बघते. भारतीय मुलांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५चे वाढीचे तक्ते आहेत, त्यावर जुनी-नवी वजनं मांडली की रेषा कुठे तुटली ते दिसतं. एखादी मुलगी लहानपणापासूनच बारीक असेल आणि आपल्याच रेषेवर चालत असेल, तर ती सडपातळ आहे, आजारी नाही. उलट या वयात वजन सहा महिने तिथेच थांबलं आणि उंची वाढत राहिली, तर काट्यावर काहीही न घटता मूल उपासमारीत गेलेलं असू शकतं.

मग नाडी. झोपवून पूर्ण एक मिनिट मोजली, ४६, म्हणजे फार मंद. उभं करून दोन मिनिटांनी ८२. झोपलेली असताना ब्लडप्रेशर ९४/६०, उभी राहिल्यावर ८४/५६. पाठीवर आणि दंडावर बारीक, मऊ लव आलेली. पाळी चार महिन्यांपासून बंद. पाळी बंद असणं ही ॲनोरेक्सियाच्या निदानाची अट पूर्वी होती, २०१३ मध्ये अमेरिकी निदानपुस्तिकेने ती काढली, कारण काही मुलींची पाळी वजन खूप घटूनही चालू राहते आणि मुलग्यांना तर हा निकष लागूच होत नाही. तरी मी विचारते, कारण बंद झाली असेल तर शरीर किती मागे गेलंय ते कळतं.

इथे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, की शरीर उपासमारीत आहे.

दुसरा प्रश्न खाण्याचा. इथे शब्दांवर जाऊ नका. "काल मी खूप खाल्लं, ताबाच सुटला" असं मुलगी सांगते आणि नीट विचारलं तर निघतं काय, दोन पोळ्या आणि वाटीभर वरण. तिच्या मनात ते खूप असतं, आमच्या व्याख्येत बसत नाही. आमच्या व्याख्येत दोन गोष्टी एकत्र लागतात. साधारण दोन तासांच्या आत, बहुतेक माणसं तेवढ्या वेळात खाणार नाहीत इतकं खाणं, आणि खाताना थांबता न येणं. म्हणून मी विचारते, काय होतं, कुठे बसलीस, किती वाजता सुरू झालं, कशानं संपलं.

या मुलीनं मान खाली घालून सांगितलं. दिवसभरात एक काकडी आणि ताक. रात्री साडेअकराला घरचे झोपले की स्वयंपाकघरात उभ्यानेच, लाइट न लावता. पाहुण्यांसाठी आणलेल्या संत्रा बर्फीचा अर्धा किलोचा डबा, मग सकाळच्या उरलेल्या पोळ्या साखर लावून, मग फ्रीजमधला गार भात, न गरम करता. मी विचारलं, "चव लागत होती का?" म्हणाली, "पहिल्या दोन तुकड्यांची. नंतर नाही." हे उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. आवडीनं जास्त खाणाऱ्या माणसाला शेवटपर्यंत चव लागते. लग्नातल्या पंगतीत चार गुलाबजाम जास्त खाणं आणि हे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. "आई आली असती तर थांबली असतीस?" तर म्हणाली, "हो, लपवलं असतं." म्हणजे ताबा होता, असा अर्थ पालक काढतात. तसं नाही. कुणी आल्यावर लाजेनं थांबता येतं, एकटं असताना थांबता येत नाही, तरी तो ताबा सुटणंच.

आता इथेच नीट बघा. सात महिने अर्धपोटी राहिलेलं शरीर रात्री अन्नावर तुटून पडतं, यात मनाचा कमकुवतपणा नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला गेला. जाड होण्याची भीती त्यातल्या कुणालाच नव्हती. तरी ते दिवसभर अन्नाचाच विचार करायला लागले, पाककृती जमवायला लागले, आणि पुन्हा खायला मिळाल्यावर काही जण पोट भरूनही थांबू शकत नव्हते. तुमची मुलगी हल्ली घरच्यांसाठी हौसेनं पाटवड्या करते, सगळ्यांना वाढते, स्वतः मात्र पानावर बसत नाही, असं होत असेल तर तेही याच उपासमारीचं लक्षण समजा.

तिसरा प्रश्न, खाल्ल्यानंतर काय. ती उलट्या काढत होती, आठवड्यातून चार-पाचदा, तीन महिन्यांपासून. आईला बाथरूममधल्या नळाचा आवाज आणि उदबत्तीचा वास एवढंच माहीत होतं. मी उजव्या हाताची बोटं पाहिली. पेरांच्या मागच्या बाजूला दोन घट्टे होते, बोट घशात घालताना वरचे दात घासून पडलेले. १९७९ मध्ये बुलिमियाचं पहिलं नीट वर्णन करणाऱ्या जेराल्ड रसेल यांच्या नावानेच ही खूण ओळखतात. पण घट्टे नाहीत म्हणून उलट्या नाहीत असं समजू नका, काही मुलींना नुसतं वाकलं तरी उलटी काढता येते. दातांचं सांगायचं तर वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू, टाळूकडची, आम्लाने झिजते. ती आरशात दिसत नाही, दातांच्या डॉक्टरांना दिसते. काही मुलींच्या बाबतीत पहिली शंका त्यांनीच घेतलेली आहे.

रक्तात पोटॅशियम ३.० आलं, ३.५ च्या खाली आम्ही कमी मानतो. बायकार्बोनेट ३३, म्हणजे वाढलेलं. पोटातलं आम्ल वारंवार बाहेर गेलं की असंच होतं. साध्या ॲसिडिटीने असा रिपोर्ट येत नाही. मात्र रिपोर्ट चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नका. कित्येक आजारी मुलींचं रक्त शेवटपर्यंत ठीक दिसतं.

बाहेर काढणं म्हणजे फक्त उलटी नव्हे, हेही लक्षात असू द्या. पोट साफ होण्याची चूर्णं आणि गोळ्या रोज घेणं, रात्री दार लावून तासभर दोरीवरच्या उड्या, आणि आपल्याकडचा सगळ्यात न दिसणारा प्रकार म्हणजे उपास. श्रावणी सोमवार, एकादशी, नवरात्र, घरात कौतुकच होतं. मी आईंना एवढंच विचारते, उपासाला साबुदाण्याची उसळ खाते का, उपास सोडायला ताटावर बसते का. श्रद्धेनं उपास करणारी मुलगी फराळाची वाट बघते. आजारातली मुलगी फराळालाही नाही म्हणते, आणि उपासांची संख्या दर महिन्याला वाढत जाते.

तर या मुलीला काय म्हणायचं? ती भरमसाट खात होती, उलट्या काढत होती, नेटवरच्या कुठल्याही यादीत हे बुलिमियाच दिसेल. पण शरीर उपासमारीत असताना हे होत असेल, तर निदान ॲनोरेक्सियाचं, त्यातल्या बिंज-पर्ज म्हणजे खाऊन बाहेर काढण्याच्या प्रकाराचं. बुलिमिया म्हणायला वजन धोक्याच्या पातळीला उतरलेलं नसावं लागतं, आणि खाणं व भरपाई दोन्ही सरासरी आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने व्हावं लागतं. हीच मुलगी ५३ किलोवर असती आणि बाकी सगळं असंच असतं, तर मी बुलिमिया लिहिलं असतं.

नावाने काय फरक पडतो, असं वडिलांनी विचारलं होतं. फरक उपचाराचा पडतो. बुलिमियात आम्ही दिवसभराचं खाणं वेळेवर आणतो, कारण सकाळचा उपासच रात्रीचा झटका घडवतो, आणि त्याबरोबर विचारांवर काम करतो. ॲनोरेक्सियात आधी वजन परत आणावं लागतं, आणि या वयात ते काम आई-वडिलांच्या हाती देतो, ताटात काय येईल हे काही महिने तेच ठरवतात. उपाशी मेंदूशी समजुतीच्या गोष्टी करून फारसा उपयोग होत नाही. आणि या मुलीला नाडी व पोटॅशियममुळे त्याच दिवशी दवाखान्यात भरती केलं.

एक अपवाद पालकांकडून नेहमी निसटतो. मुलगी आधी ७४ किलोची होती, वर्षभरात ५६ वर आली, दिसायला "आता छान झाली". जाड होण्याची भीती तीच, जेवण टाळणं तेच, नाडी तशीच मंद. आकडा तक्त्यात ठीक बसतो म्हणून याला अटिपिकल ॲनोरेक्सिया म्हणतात. हृदयाला धोका तेवढाच असतो, पण नातेवाईक कौतुक करतात, त्यामुळे ही मुलं उशिरा येतात.

बिंज ईटिंगचं थोडक्यात सांगते, कारण तुमच्या वर्णनात ते मला दिसत नाही. त्यात खाण्याचे झटके तसेच असतात, पण नंतर उलटी, उपास, व्यायाम अशी नियमित भरपाई नसते. मुलगा भूक नसताना, भराभर, पोट दुखेपर्यंत, एकटाच खातो आणि मग स्वतःची किळस करतो. माझ्याकडे अशी मुलं "वजन वाढतंय, डाएट द्या" म्हणून येतात. होस्टेलवर राहून क्लासेस करणारा एक मुलगा रात्री दोन वाजता दोन माणसांचं जेवण मागवायचा आणि डबे पाठपिशवीत भरून सकाळी बाहेर फेकायचा. त्याला कडक डाएट दिलं गेलं होतं, त्याने झटके दुप्पट झाले.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात. आज ॲनोरेक्सिया असलेली मुलगी वर्ष-दोन वर्षांनी बुलिमियात जाऊ शकते, त्यामुळे निदान एकदा लिहिलं की संपलं असं नसतं. शिवाय आपल्याकडच्या कित्येक मुली "मी जाड आहे" असं म्हणतच नाहीत. म्हणतात, पोट फुगतं, भूकच नाही, गॅस होतो. भारतात आणि हाँगकाँगमध्येही डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवलेत. म्हणून क्षयरोग, थायरॉइड, मधुमेह, गव्हाची ॲलर्जी समजला जाणारा सिलिॲक आजार, आणि नैराश्य हे आम्ही तपासतोच. नैराश्यातल्या किंवा क्षयातल्या मुलीला वजन घटल्याची काळजी वाटते, चार किलो वाढले तर तिला बरं वाटतं. ॲनोरेक्सियातली मुलगी तोंडाने काहीही म्हणो, अर्धा किलो वाढला की तिची झोप उडते, पोळी रुमालात जाते, जिना चढणं-उतरणं सुरू होतं. कधी कधी दोन आठवडे वजन वाढवून बघितल्यावरच हे स्पष्ट होतं, पहिल्या भेटीत नाही.

आता तुमच्या मुलीचं. न तपासता मी नाव देणार नाही, पण आठ महिने कमी खाणं, बारीक होणं, आणि नंतर सुरू झालेले रिकामे पुडे व बाथरूम, हा क्रम वरच्या केससारखाच आहे. म्हणून महिनाभर वाट बघू नका, याच आठवड्यात दाखवा. तिला एकटीला बोलू द्या, डॉक्टरांनी तुम्हाला थोडा वेळ बाहेर बसवलं तर राग मानू नका. मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स, या तिन्ही सरकारी रुग्णालयांत बालरोग आणि मानसोपचार दोन्ही विभाग आहेत. पहिल्या भेटीत काट्यावरचं वजन, झोपून व उभं राहून नाडी आणि ब्लडप्रेशर, ईसीजी, आणि रक्तात पोटॅशियम, फॉस्फेट, साखर एवढं व्हायलाच हवं. कुणी नुसती ॲसिडिटीची गोळी दिली तर यातलं काय राहिलं ते विचारा.

जागेपणी शांत बसलेली असताना नाडी ५० च्या खाली, चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, उलटीत रक्त, पाणीही न पिणं, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलणं, यातलं एकही असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता रात्रीसुद्धा कॅज्युअल्टीत न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं, पण तो कॅज्युअल्टीला पर्याय नाही.

आणि घरी एक करू नका. गेले आठ-दहा दिवस ती जवळजवळ काहीच खात नसेल, तर घाबरून एकदम भरपूर भरवू नका. फार उपाशी शरीराला अचानक भरपूर अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने पडतं आणि हृदयावर ताण येतो. सुरुवात किती खाण्याने करायची ते डॉक्टरांना ठरवू द्या.

तिच्याशी बोलताना पुड्यांचा हिशेब मागू नका, आणि "किती वाळलीस" असंही नको, आजारातल्या कानाला ते कौतुक ऐकू येतं. दिसलं तेवढंच बोला: "तुला थंडी वाजते, जेवल्यावर तू आत जातेस, मला काळजी वाटते. गुरुवारी आपण डॉक्टरांकडे जातोय, मी सोबत आहे." ती चिडेल, नाही म्हणेल. तरी गुरुवार बदलू नका. जाताना जुनी वजनं, शेवटच्या पाळीची तारीख आणि ती घेत असलेल्या प्रत्येक गोळी-चूर्णाचं पाकीट सोबत न्या.